लेकीसाठी बाबाची अंगाई: गाणं कसं निवडावं, आपल्या सुरात कसं आणावं आणि कसं गुणगुणावं

लेक जन्मली की बाबाला गाणी आठवत नाहीत असं होत नाही. आठवतात, पण त्यातली बहुतेक बायकांच्या उंच आवाजातली असतात, आईच्या तोंडची असतात आणि कुठल्यातरी 'राजा'ला, 'कान्ह्या'ला उद्देशून असतात. बाबा ती मूळ पट्टीत म्हणायला जातो, अंतऱ्यात आवाज फाटतो, लेक दचकते, आणि मग सरळ मोबाईलवर गाणं लावून दिलं जातं. इथे आधी गुणगुणण्याबद्दल सविस्तर लिहितो आहे आणि वाजवायच्या गाण्यांबद्दल त्यानंतर. माझ्या मते क्रम हाच असावा, आणि त्याला कारण आहे.

आईचा आवाज बाळाच्या कानावर पोटात असल्यापासून पडत असतो. बाबाचं तसं नसतं. १९८४ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अवघ्या दोन दिवसांची बाळं वडिलांचा आवाज दुसऱ्या पुरुषाच्या आवाजापेक्षा जास्त पसंत करत नाहीत. दोन आवाज वेगळे आहेत हे त्यांना कळतं, पण 'हा माझा' असं अजून काही झालेलं नसतं. बाबाच्या आवाजाची ओळख बाहेरच्या जगात, सवयीने व्हायची असते. त्यासाठी रोज नवं गाणं शोधण्यापेक्षा एकच गाणं, एकाच सुरात, एकाच वेळी पुन्हा पुन्हा गुणगुणणं जास्त उपयोगी पडतं.

आधी स्वतःचा सूर शोधा

गाणं निवडण्याआधी हे करा. कुणाच्या बोलण्याला होकार देताना आपण सहज 'हं' म्हणतो. तसं ओठ मिटून म्हणा आणि तो आवाज दोन-तीन सेकंद लांबवा. जो सूर लागला, तो तुमच्या गळ्याचा आरामाचा सूर. आता तिथून एकेक सूर खाली उतरत जा. एका ठिकाणी आवाज घोगरा होतो आणि मग नुसती हवा उरते. तो तुमचा तळ. त्याच्या वरचे दोन सूर सोडून द्या, कारण रात्री दोन वाजता, झोपेतून उठल्यावर ते लागतीलच असं नाही. मग वर चढा. जिथे हनुवटी आपोआप उचलली जाते किंवा गळा आवळल्यासारखा वाटतो, तिथे थांबा. या दोन टोकांच्या मधली जागा हे तुमचं अंगाईचं घर. बहुतेकांकडे इथे सहा-सात सूर सहज असतात आणि अंगाईला तेवढे पुरतात.

पेटी किंवा मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असेल तर काम सोपं होतं. पुष्कळ पुरुषांचा षड्ज पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा साधारण काळी चार-पाचला. ही फक्त ढोबळ कल्पना आहे. तुमचा गळा पांढरी एकच्याही खाली सुखात असेल तर खालीच राहा. पेटी नसली तरी काही अडत नाही, 'हं'ची युक्ती रोज जवळपास तोच सूर देते.

कुठलं गाणं घ्यावं

गुणगुणायला घेतलेलं गाणं तीन गोष्टींवर पारखा. त्याची चाल पायऱ्या उतरावी तशी एका सुरावरून शेजारच्या सुरावर जावी, उड्या मारू नयेत. ध्रुवपद तुमच्या त्या सहा-सात सुरांत मावावं. आणि ठेका झुलवणारा असावा, म्हणजे तीन किंवा सहा मात्रांचा. दादऱ्यात पहिल्या मात्रेवर वजन येतं आणि चौथ्यावर हलकं होतं. बाळाला खांद्यावर घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकताना अंग आपोआप त्याच लयीत जातं. आठ मात्रांच्या गाण्यांत वाईट काही नाही, फक्त जलद केरवा असेल तर तो झोपेऐवजी खेळाकडे नेतो.

बाबाला तयार मिळतं असं एक गाणं म्हणजे सैगल यांचं 'सो जा राजकुमारी'. १९४० सालच्या 'जिंदगी' चित्रपटातलं, संगीत पंकज मलिक यांचं. पुरुषाचा आवाज, लय संथ, गाणं राजकन्येसाठी. काही बदलायची गरजच नाही. मूळ ध्वनिमुद्रण खूप जुनं असल्यामुळे त्यात खरखर आहे, म्हणून हे वाजवण्यापेक्षा शिकून गुणगुणावं असं मी सांगेन.

'लल्ला लल्ला लोरी' हे मुकेश यांनी 'मुक्ती'साठी गायलं, १९७७ साली. मुकेश यांचा गळा साध्या माणसाला जवळचा वाटतो आणि त्यांच्या गाण्यांत हरकती-मुरक्या कमी असतात, त्यामुळे नवशिक्या बाबाला ते जमतं. सी. रामचंद्र यांनी १९५१च्या 'अलबेला'साठी केलेलं 'धीरे से आजा री अखियन में' चालीच्या दृष्टीने फार सुंदर आहे, पण त्यातल्या नाजूक जागा घ्यायला जाऊ नका. सुरांची मुख्य वाट धरा आणि जागा गाळून टाका. लेकीला त्यांची उणीव भासत नाही.

साहिर आणि खय्याम यांचं 'मेरे घर आई एक नन्ही परी' (१९७६, 'कभी कभी') मी सकाळसाठी ठेवेन. ते आनंदाचं गाणं आहे, झोपेचं नाही. लेक दूध पिऊन टक्क जागी असते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणायचं. आणि संदीप खरे-सलील कुलकर्णी यांचं 'दमलेल्या बाबाची कहाणी'? ते बाबानं स्वतःसाठी ऐकावं. रात्री बाळाला घेऊन म्हणायला गेलं की गळा दाटून येतो, श्वास तुटक होतो, आणि छातीवर टेकलेल्या बाळाला तो तुटकपणा लगेच जाणवतो. प्रेमात काही कमी नाही, पण झोपवण्याच्या कामाला ते गाणं योग्य नाही.

एक गाणं घेऊन सगळं करून बघू

'निंबोणीच्या झाडामागे' घेऊ. मधुसूदन कालेलकर यांचे शब्द, एन. दत्ता यांचं संगीत, सुमन कल्याणपूर यांचा आवाज, १९७७चा 'बाळा गाऊ कशी अंगाई'. चाल जवळजवळ प्रत्येकाच्या कानात आहे, त्यामुळे शिकण्याचा वेळ वाचतो.

ध्वनिमुद्रणाबरोबर त्याच उंचीवर म्हणून पाहा. ध्रुवपद कसंबसं निघेल, अंतऱ्यात आवाज चिरकेल. मग बहुतेक जण बरोबर एक सप्तक खाली येतात आणि वेगळाच घोळ होतो, ध्रुवपदातले खालचे सूर तळाशी जाऊन घोगरे होतात. बाबाची जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती मूळ ध्वनिमुद्रण बंद केल्याशिवाय सापडत नाही. म्हणून ते बंद करा. ध्रुवपदातला सर्वांत खालचा सूर कुठला, हे मनातल्या मनात चाल म्हणून हेरा. तो सूर तुमच्या आरामाच्या हद्दीतल्या सर्वांत खालच्या सुरावर ठेवा आणि तिथून चाल सुरू करा. आता ध्रुवपदातला सर्वांत वरचा सूरही न ताणता लागला, तर तुमची पट्टी ठरली. पेटीवर ती शोधून कुठेतरी लिहून ठेवा. पेटी नसेल तर ओळीचा पहिला सूर तुमच्या 'हं'च्या वर आहे की खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

अंतरा? बेलाशक सोडून द्या. अंगाईत ध्रुवपद पुरेसं असतं. अंतऱ्यात चाल वर चढते, आवाज मोठा होतो, आणि डोळे मिटत आलेली मुलगी नेमकी तिथे जागी होते. अंतऱ्याचे शब्द तुम्हाला फार आवडत असतील तर ते ध्रुवपदाच्याच चालीवर म्हणा.

मग लय उतरवा. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघा, मिनिटाला साठ ठोके. दर ठोक्याला एक हलकं पाऊल किंवा एक झोका, आणि गाणं त्यावर बसवा. पहिल्यांदा ते फारच संथ वाटेल, श्वास पुरणार नाही. ओळ मध्येच तोडून श्वास घ्या. बाळासाठी तो विराम खटकणारा नसतो, उलट तुमच्या छातीचं वर-खाली होणं तिला कळतं. मात्र दोन ओळींमधलं अंतर दर वेळी सारखंच ठेवा. एकदा ओळ लवकर आली आणि एकदा उशिरा, असं झालं की बाळ पुढच्या आवाजाची वाट बघत जागं राहतं.

शब्दांचं काम सोपं आहे. आईच्या अंगाया बाबाच्या करताना मात्रा सांभाळल्या की चाल मोडत नाही. 'आई'च्या जागी 'बाबा' बसतो, दोन्हीकडे चार मात्रा. 'राजा'ची 'राणी', 'छकुला'ची 'छकुली', 'झोपला'चं 'झोपली' होताना मात्रेत काहीच फरक पडत नाही. लेकीचं घरगुती नाव चार मात्रांचं असेल तर ते थेट ओळीत घाला. तीन मात्रांचं असेल तर शेवटचा स्वर थोडा लांबवा.

आणि कुठलंच गाणं आपलं वाटत नसेल तर दोन ओळी स्वतः रचा. उदाहरणादाखल माझ्या दोन:

ये ग झोपे, ये ग हळू, पाऊल वाजवू नको,
बाबाच्या खांद्यावरची छकुली जागवू नको

याला चाल लावताना तीनच सूर घ्या: सा, रे, ग. ओळ गवर सुरू करा आणि 'नको'पाशी सावर उतरवा. दुसरी ओळही तशीच. शेवटी खाली उतरणारी चाल ऐकताना बोलणं संपत आल्यासारखं वाटतं, वर जाणारी चाल प्रश्न विचारल्यासारखी वाटते. बाळाला झोपवताना प्रश्न विचारायचा नसतो, म्हणून ओळ नेहमी खाली आणून सोडावी.

गुणगुणणं कसं असावं

इथे बाबाच्या अंगचा एक मोठा गुण कामी येतो. पुरुषाचा आवाज खालचा असतो, आणि खालचा सूर छातीत घुमतो. तुमच्या छातीवर तळहात ठेवून 'म्' म्हणा, हाताला थरथर जाणवेल. सूर जसा वर न्याल तशी ती कमी होत जाईल. बाळाचं डोकं त्या थरथरीच्या जागी, म्हणजे कॉलरच्या हाडाच्या थोडं खाली टेकलं, की गाणं तिला कानाबरोबर गालानेही कळतं.

ओठ मिटलेले, पण दात किंचित सुटलेले ठेवा. दात आवळले की आवाज नाकात अडकतो आणि तीक्ष्ण होतो. जीभ सैल. श्वास नाकाने. आवाज इतका हळू, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला तुम्ही गुणगुणत आहात हे जेमतेम कळावं. तुमचं तोंड आणि तिचा कान यांत वीतभरच अंतर असतं, त्यामुळे तुम्हाला हळू वाटणारा आवाजही तिला पुरेसा असतो. तोंड थेट कानाशी नेऊ नका, तिच्या डोक्यावरून पलीकडे गुणगुणा. तिचं नाक-तोंड मोकळं आहे ना आणि हनुवटी छातीत खुपसली गेलेली नाही ना, हे अधूनमधून बघत राहा.

बाळ जोरात रडत असेल तेव्हा मात्र एकदम मंद 'म्'ने सुरुवात करू नका, ते तिला ऐकूच जात नाही. तिच्या रडण्यापेक्षा थोड्याच कमी आवाजात, शब्दांसकट, जरा चढ्या लयीत सुरू करा. रडताना ती श्वास घ्यायला थांबते, तेव्हा तुमची ओळ तिला ऐकू येते. रडणं ओसरू लागलं की तुम्हीही एकेक ओळ आवाज कमी करा, मग लय कमी करा, मग शब्द गाळा, आणि शेवटी नुसता 'म्' उरू द्या. ही उतरण पाच-सात मिनिटांची असू द्या. घाईने पार केली की रडणं परत फिरतं.

रडणाऱ्या बाळाच्या बाबतीत गाण्याला पावलांची जोड द्यावी. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली आपल्या प्रयोगांवरून सुचवलेली रीत अशी: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं एकसारखं चालावं, ते झोपलं की घेऊनच पाच ते आठ मिनिटं शांत बसावं, आणि मगच खाली ठेवावं. ही रीत गाण्याला सुंदर जुळते. चालताना शब्द, बसल्यावर 'म्', ठेवताना 'म्' चालूच.

ठेवण्याच्या वेळी गाणं थांबवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. अगदी लहान बाळ झोपेत शिरताना आधी हलक्या झोपेत असतं. पापण्या थरथरतात, ओठ हलतात, मध्येच हसल्यासारखं होतं, श्वास कमी-जास्त होतो. ती झोपली असं समजून तेव्हाच ठेवलं तर ती जागी होते. तिचा हात हळूच उचलून सोडा. तो सैल पडला, मूठ उघडी आहे आणि श्वास एकसारखा झाला आहे, तर झोप खोल गेली. तेव्हा गुणगुणत वाका, पाठीवर निजवा, आणि ठेवल्यानंतरही दोन-तीन वेळा ध्रुवपद म्हणून मग आवाज विरू द्या. निजवण्याची जागा सपाट आणि टणक असावी. तुमचेच डोळे मिटू लागले असतील तर तिला छातीवर घेऊन सोफ्यावर बसून गुणगुणू नका. बाबाला तिथे झोप लागणं बाळासाठी खरोखर धोक्याचं असतं.

गाणं नको आहे हे कसं ओळखावं

तिने तोंड फिरवलं, बोटं पसरून ताणली, पाठीची कमान केली, किंवा कपाळाला आठ्या घालून नजर चुकवली, तर ती दमली आहे आणि तिला आवाजही नको आहे. तेव्हा गाणं बंद, झोका बंद, नुसतं धरून ठेवा. दुसरी चाल लावून बघू, असं वाटतं खरं, पण त्या क्षणी आणखी काहीही घालू नये. आणि गाण्याने भूक भागत नाही. मूठ तोंडात घालणं आणि गालाला स्पर्श होताच तोंड वळवणं दिसलं तर अंगाई बाजूला ठेवून दुधाचं बघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल, किंवा रडणं नेहमीपेक्षा वेगळं, चिरकं आणि न थांबणारं असेल, तर तो डॉक्टरकडे जाण्याचा विषय आहे.

पहिल्या दोन महिन्यांत, साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सर्वांत वाढतं आणि मग हळूहळू कमी होतं. त्या दिवसांत तुमची अंगाई 'चालत नाही' असं वाटेल. गाणं बदलू नका. तेच चालू ठेवलेलं गाणं पुढे तिच्या ओळखीचं होतं.

वाजवायचं असेल तर

वाजवलेल्या गाण्याला माझा विरोध नाही. फक्त ते जागेपणासाठी किंवा झोपेच्या तयारीसाठी असावं, रात्रभर नव्हे. मोबाईल किंवा स्पीकर पाळण्यात, उशाशी ठेवू नका. निदान दोन मीटर दूर ठेवा. आवाज किती असावा यासाठी बाळाच्या डोक्याच्या जागी तुमचं स्वतःचं डोकं न्या आणि तिथून ऐका. नवजात बाळांच्या खोलीसाठी सुचवली जाणारी मर्यादा सुमारे ५० डेसिबल आहे, म्हणजे हळू आवाजातल्या गप्पांइतकी. हेडफोन लहान बाळाला कधीच नको.

मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर नीट बाहेर येत नाहीत. सैगल किंवा मुकेश यांचा आवाज त्यातून पातळ आणि कडक होऊन येतो, मग ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला जातो आणि वरचे सूर टोचू लागतात. साधा वेगळा स्पीकर असेल तर कमी आवाजातही गाणं भरीव वाटतं. यादी आपोआप पुढे जाणार नाही हे बघा. एका अंगाईनंतर अचानक ढोल-ताशांचं गाणं किंवा जाहिरात लागली की सगळी मेहनत वाया जाते. आधी उतरवून ठेवलेली चार गाणी, क्रम ठरलेला, आणि वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर, एवढं पुरे.

बाबाला कामासाठी बाहेर राहावं लागत असेल तर स्वतःचंच गुणगुणणं ध्वनिमुद्रित करावं. गाद्या-पडदे असलेल्या खोलीत, पंखा बंद करून, मोबाईल तोंडापासून हातभर लांब आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे श्वासाचा फुत्कार माइकवर आदळत नाही. तेच गाणं, तीच पट्टी, तीच लय. दहा मिनिटं गुणगुणा आणि शेवटच्या दोन मिनिटांत आवाज उतरवत न्या. तिला घेऊन जो कुणी बसेल, त्याला गाणं लावून तिच्याबरोबर चालायला सांगा, आणि ती झोपली की स्पीकर बंद करायला सांगा.